उलट्या रांगेतले तारे

चूक माझी होती. माझ्या हाताखालच्या एका बाईला कामावरून जावं लागलं आणि तिच्या घरात तिच्याशी कुणी नीट बोलेनासं झालं, त्याला कारण मी लिहिलेल्या आणि नंतर गुपचूप बदललेल्या काही ओळी होत्या. त्या ओळींपेक्षा मोठी चूक माझ्या तोंडाची. ज्या दिवशी ते उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी ते बंद ठेवलं, आणि उघडलं तेव्हा अर्धवट खरं बोललो. अर्धवट खरं हे खोट्यापेक्षा वाईट असतं, कारण ते कुणाला खोडता येत नाही.

मी नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका खासगी दूध डेअरीत संगणकाचं काम बघतो. आसपासच्या गावांत डेअरीचे पशुसेवक फिरतात. गाय माजावर आली, कासेला सूज आली, वासरू अडलं की शेतकरी त्यांना बोलावतो. गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. डॉक्टर येऊन गेला की दोन दिवसांत आमच्या ऑफिसातून त्या शेतकऱ्याला फोन जातो : वेळेवर आला का, नीट बघितलं का, पाचपैकी किती द्याल? त्या आकड्यांवर डॉक्टरांचे भत्ते आणि कुणाला कोणती गावं द्यायची ते ठरतं.

फोन करायला दोन बायका होत्या. एक नवीन, गुपचूप काम करणारी. दुसरी जुनी, कोल्हारची, बी.कॉम. झालेली आणि तोंडानं फटकळ. हे जे सगळं घडलं ते या दुसरीबरोबर. माझं आणि तिचं पहिल्यापासून जमलं नाही. मी केलेल्या प्रत्येक गोष्टीत तिला काहीतरी दिसायचं, आणि जे दिसेल ते ती सगळ्यांसमोर बोलायची. "सर, तुमच्या प्रोग्रामला माझ्या सासूसारखं झालंय, एक गोष्ट तीनदा विचारतोय." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि घरी जाताना मोटरसायकलवर तेच मनात घोळवत राहायचो.

आधी त्या फोनच्या पानावर एक साधी चौकट होती. एक ते पाच आकडा टाकायचा आणि एंटर मारायचा. मग आमच्या मॅनेजरसाहेबांनी मोबाईलवर कुठंतरी तारे बघितले आणि म्हणाले, "आपल्याकडं पण तारेच पाहिजेत. आकडा कसा शाळेतल्या मार्कांसारखा वाटतो."

मी तारे केले. ते कसे केले हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पानावर पाच गोल बटणं ठेवायची, ज्यातलं एकाच वेळी एकच निवडता येतं अशी. ती डोळ्यांआड करायची, पण काढायची नाहीत, आणि प्रत्येकासोबत एकेक तारा ठेवायचा. अडचण अशी की चौथा तारा निवडला तर पहिले तीनही पिवळे दिसले पाहिजेत. वेबपानाच्या सजावटीच्या भाषेत शेजारच्या भावंडांना, म्हणजे त्याच रांगेतल्या बाकीच्या ताऱ्यांना, रंग देण्यासाठी एक नागमोडी खूण आहे. पण ती फक्त नंतर लिहिलेल्या भावंडांपर्यंत पोचते. आधी लिहिलेल्यांकडे ती वळून बघत नाही. त्यावर लोकांनी काढलेली जुनी युक्ती म्हणजे तारे उलटे लिहायचे : पाच, चार, तीन, दोन, एक. मग एका ओळीत पानाला सांगायचं की ही रांग दाखवताना उलटी दाखव. आता चौथा निवडला की त्याच्या नंतर लिहिलेले तीन, दोन, एक पिवळे होतात, आणि पडद्यावर ते डावीकडे दिसतात, जिथं ते दिसायला हवेत. वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. मला ते फार आवडलं होतं. वयाच्या पंचेचाळिशीत नवं काही जमलं की माणूस जरा जास्तच खूश होतो.

माऊसने ते अगदी बरोबर चालायचं. मी माऊसनेच तपासलं होतं.

कोल्हारच्या बाईकडे माऊस नव्हता. तिचा बिघडला होता आणि तिने दुसरा मागितला होता. "मागणीपत्र भरा, वरून सही आणा," मी म्हणालो होतो. माझ्या कपाटात दोन नवे माऊस पडून होते. तिला लगेच द्यायचा नाही, एवढंच माझ्या मनात होतं. तिनेही मागणीपत्र भरलं नाही. एका कानाला फोन, डोळ्यांसमोर शेतकऱ्यांच्या नंबरांचा कागद, आणि उजवा हात कीबोर्डवर, असं ती काम करायची.

तारे सुरू झाले त्याच दिवशी ती खुर्ची मागे सरकवून मोठ्यानं म्हणाली, "सर, तुमचे तारे उलटे चालत्यात."

"म्हणजे?"

"उजवा बाण दाबला की कमी व्हत्यात. डावा दाबला की वाढत्यात. शेतकरी चार म्हणला, मी उजवीकडं गेले, तर एक तारा. तुमच्याकडं बैल मागं आन गाडी पुढं असं जुंपायची पद्धत हाय का?"

ऑफिसातली चार माणसं हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कीबोर्ड पडद्यावरची रांग बघत नाही, लिहिलेली रांग बघतो. टॅब दाबला की तो पहिल्यांदा लिहिलेल्या ताऱ्यावर, म्हणजे पाचव्यावर जायचा. तिथून उजवा बाण म्हणजे पुढचा लिहिलेला, म्हणजे चौथा. त्यामुळे तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पण मी म्हणालो, "मॅडम, तारे बोटानं दाखवायची गोष्ट आहे. माऊस वापरा."

"माऊस द्या की मग."

"मागणीपत्र द्या."

"ऱ्हाऊ द्या. मी बघते माझं."

तिने खरंच बघितलं. टॅब दाबायचा आणि जितके तारे तितक्या वेळा डावा बाण. पाचव्यावर उभं राहून डावीकडे गेलं की ब्राउझर फिरून शेवटी लिहिलेल्यावर येतो, म्हणजे एकावर. दुसऱ्यांदा दाबलं की दोन, तिसऱ्यांदा तीन. पाच वेळा दाबलं की पाच. थोड्याच दिवसांत तिच्या बोटांना ते इतकं बसलं की ती पडद्याकडे बघतही नसे. फोनवर "बरं दादा, चार देऊ ना? बरं" म्हणता म्हणता टक टक टक टक, एंटर, आणि डोळे पुढच्या नंबरावर.

मला मात्र ते टोचत राहिलं. बैल मागं आणि गाडी पुढं. मी शोधलं, वाचलं. युक्ती जुनी आहे आणि कीबोर्डवाल्यांना त्रासाची आहे, असं बऱ्याच जणांनी लिहून ठेवलेलं होतं. सरळ रांगेतही तेच साधता येत होतं. आधी सगळे तारे पिवळे करायचे आणि निवडलेल्याच्या पुढचे राखाडी करायचे. नागमोडी खूण पुढच्यांपर्यंत पोचतेच. काहीच निवडलेलं नसेल तेव्हा सगळे राखाडी ठेवायला आणखी एक ओळ. बस. उलट्या रांगेची गरजच नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ऑफिस रिकामं असताना मी ते बदललं. एक, दोन, तीन, चार, पाच. उजवीकडे गेलं की वाढणार. आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बघा, म्हणलं नव्हतं?" आणि पुन्हा चार माणसं हसली असती. ते टाळायला मी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्याचं एवढंच कारण होतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामाला बसली. टॅब आता पहिल्या ताऱ्यावर जात होता. तिथून एकदा डावीकडे म्हणजे फिरून पाचवा. दोनदा म्हणजे चौथा. पाच वेळा दाबलं की एक. तिची बोटं तीच, कष्ट तेच, आणि आत सगळं उलटं पडायला लागलं. पाचाचा एक, चाराचा दोन, दोनाचा चार, एकाचे पाच. फक्त तीनचे तीन राहिले. नवीन बाईकडे माऊस होता. तिचं सगळं बरोबर.

हे उघडकीला आलं ते शेतकऱ्यांमुळे. राहात्याकडच्या एका गावातले चार जण चप्पल न काढता थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांच्या गावचा डॉक्टर बदलला होता.

"आमचा डॉक्टर का काढला?"

"त्यांना तारे कमी पडले."

"कुणी दिले कमी? मी पाच सांगितले. ह्यानं पाच सांगितले. आमच्या तोंडात तुमी एक घातला व्हय?"

मॅनेजरसाहेबांनी सगळे आकडे काढायला लावले. ज्या गावांना कोल्हारची बाई फोन करायची तिथलं चित्र उलटं होतं. चांगले डॉक्टर खाली गेले होते आणि कामचुकार वर आले होते. सगळ्यात वर जो आला होता, तो हाक मारली की तिसऱ्या दिवशी उगवणारा म्हणून माहीत असलेला माणूस होता. तो तिचा सख्खा धाकटा दीर होता.

यापुढे कुणाला काही शोधायची गरज वाटली नाही.

मीटिंग हॉलमध्ये तिला बोलावलं. मोठ्या टीव्हीला तिचा कॉम्प्युटर जोडला होता. मॅनेजरसाहेब, दोन सुपरवायझर, हिशोबाचे साहेब, नवीन बाई आणि मी. तिने आल्या आल्या विचारलं, "काय झालं? कुणाचं लगीन हाय?"

"दिराचं," एक सुपरवायझर म्हणाला. "पाच ताऱ्यांचा मांडव घातलाय तुम्ही."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती लाल झाली. "माझ्या दिराला लोक शिव्या देत्यात ते मीच फोनवर ऐकते. मी त्याला एक-एकच टाकलेत. घरी जाऊन त्याला सांगितलंय पण, तुझं काही खरं न्हाई म्हणून. विचारा त्याला."

"मग वर पाच कसे?"

"ते ह्यांना विचारा," तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांचे तारे उलटे चालत्यात. मी पहिल्या दिवशीच बोलले हुते."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही कसं टाकता ते दाखवा. पाच टाका."

ती खुर्चीत बसली. टॅब. मग डावा बाण, पाच वेळा, भराभर, मान न उचलता. टीव्हीवर एकच तारा पिवळा राहिला.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

मी तिच्या मागे उभा होतो. तिचं बोट त्या डाव्या बाणावर पडलं तेव्हाच मला सगळं कळलं. पाचाचा एक कसा झाला, कधीपासून झाला, कुणामुळे झाला.

ती टीव्हीकडे बघत होती. "असं कसं? डावीकडंच वाढत्यात की."

"तारे वाढवायला कुणी डावीकडं जातं का हो?" हिशोबाचे साहेब म्हणाले. "लहान पोराला विचारा."

"सर, तुमी सांगा," ती मला म्हणाली. त्या दिवशी तिच्या 'सर'मध्ये टोमणा नव्हता. "उलटे चालत्यात का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो, टॅब दाबला, उजवा बाण दाबला. दोन तारे. पुन्हा दाबला. तीन. चार. पाच.

"सिस्टममध्ये तसं काही नाही," मी म्हणालो. "उजवीकडे गेलं की वाढतात."

त्या क्षणी पडद्यावर ते खरंच होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तिने स्वतः उजवा बाण दाबून बघितला. मग डावा. मग पुन्हा उजवा. तिचा हात थांबला. जिला मी इतके दिवस गप्प बसवू बघत होतो, ती गप्प बसली. आणि खरं सांगायचं तर, एक क्षणभर मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते झालं.

"दिराला एक टाकले म्हणता, म्हणजे पाच गेले," मॅनेजरसाहेब म्हणाले. "इतकं सोयीचं चुकता येतं का कुणाला? उद्यापासून येऊ नका."

दिरालाही काढलं. तो कामचुकार होताच, पण आता त्याला सांगायला एक गोष्ट मिळाली : वहिनीच्या उद्योगामुळं माझी नोकरी गेली. तिच्या घरात ती गोष्ट टिकली. गावात तर याहून सोपी गोष्ट फिरली, की दिरासाठी चोरी करताना वहिनी सापडली.

महिन्याअखेरीस ती उरलेला पगार न्यायला आली. मी जिन्यात होतो. ती दोन पायऱ्या खाली थांबली.

"सर, भांडायला न्हाई आले. एकच सांगा. पहिल्यांदा ते उलटं चालत हुतं ना? घरात सगळी म्हणत्यात, तूच वेडी झालीस. रात्रंदिवस माझी बोटं डावीकडंच जात्यात. मला माझंच खरं वाटंना."

तिथं आम्ही दोघंच होतो. ऐकायला कुणी नव्हतं, हसायला कुणी नव्हतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं," आणि खाली गेली.

त्यानंतर मला काम सुचेना. हॉलमध्ये मी नोकरीसाठी घाबरलो, मानासाठी घाबरलो, असं काहीतरी म्हणता आलं असतं. जिन्यात घाबरायला काहीच नव्हतं. तिथं मी एका बाईचा तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवला होता.

मी कोल्हारला गेलो. तिचं घर विचारत गेलो, तेव्हा ज्यांना विचारलं ते एकमेकांकडे बघून हसत होते. ती दारात गुरांसाठी घास कापत होती. नवरा ओट्यावर बसला होता. मला बघून त्याने विचारलं, "आता काय ऱ्हायलं न्यायचं?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तारे आधी उलटे लिहिले होते. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मी ते नंतर सरळ केलं आणि सांगितलं नाही. तुम्ही डावीकडे शिकलात आणि मी तुमच्या खालून रांग फिरवली. हॉलमध्ये मला सगळं कळलं होतं. जिन्यात मला सगळं आठवत होतं.

तिने विळा खाली ठेवला नाही. "मंजे मी वेडी न्हाई."

"नाही."

"ऐकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली. तो खाली बघत होता. मग माझ्याकडे वळून, "का न्हाई सांगितलं? बदललं तवा?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"हो."

"मी हसले असते," ती म्हणाली. "चांगली पोट धरून हसले असते. त्यानं तुमचं काय झडलं असतं?"

मी हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने विळ्याची मूठ आडवी धरली.

"हितं नगं. हितं कोण हाय ऐकायला? ज्या खोलीत मला चोर म्हणाले तिथं मागा. तीच माणसं पाहिजेत आन तोच टीव्ही. मी येईन. न्हाईतर मोटरसायकल फिरवा आन निघा."

मॅनेजरसाहेबांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, आकडे आपण आत बसून दुरुस्त करू, तिला हवं तर परत घेऊ, मीटिंग कशाला, तमाशा कशाला. मी म्हणालो, तमाशा आपण आधी केलाय. त्यांनी मला दोन दिवस केबिनमध्ये घेतलं नाही. मग हॉल दिला.

ती आली. सोबत नवरा होता, आणि मागे दीरही, दाराला टेकून. ती बसली नाही. सगळे तेच होते. मी जुन्या ओळी पुन्हा लिहून आणल्या होत्या. टीव्हीवर दोन रांगा ठेवल्या, वर उलटी लिहिलेली, खाली सरळ. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. मी तिला म्हणालो, "ताई, पाच टाका."

तिने वरच्या रांगेत टॅब दाबला आणि डावा बाण पाच वेळा. पाच तारे लागले. खालच्या रांगेत तेच केलं. एक लागला.

"वरची रांग मी आधी केली होती," मी म्हणालो. "खालची नंतर. मधे ह्यांना सांगितलं नाही."

हिशोबाचे साहेब हसले नाहीत. तो सुपरवायझर मोबाईलमध्ये बघत होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, "झालं, समजलं सगळ्यांना. तांत्रिक बिघाड होता."

"बिघाड न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी काय केलं ते ह्यांच्या तोंडून येऊ द्या."

मी तिच्याकडे तोंड केलं. दारापर्यंत ऐकू जाईल इतका आवाज मी काढला.

"ताई, तुम्ही खरं बोलत होता आणि मला ते माहीत होतं. याच जागी उभं राहून मी ते लपवलं. तुम्ही मला हसाल या भीतीनं मी तुम्हाला चोर ठरू दिलं, आणि जिन्यात विचारलंत तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोललो. मला माफ करा."

तिने वळून आधी दाराला टेकलेल्या दिराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मी हात जोडून तसाच उभा राहिलो.